महिन्याची पैशांची बैठक: ‘शिल्लक दिसते, पण साठत नाही’ ही चूक टाळा

आम्ही सांगलीत विश्रामबागला भाड्याने राहतो. ह्यांचा पगार कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यातून 7 तारखेला होतो, माझा त्याआधीच. म्हणून 10 तारखेनंतरच्या पहिल्या रविवारी, मुलगी झोपली की आम्ही वही घेऊन वीस मिनिटं बसतो. फ्लॅटच्या अ‍ॅडव्हान्ससाठी 24 महिन्यांत 3 लाख जमवायचे, म्हणजे महिन्याला 12,500.

हिशेब अगदी जुळत होता. दोघांचे मिळून 62,000, खर्च 49,500, शिल्लक बरोबर 12,500. दर बैठकीत समाधानाने वही मिटायची. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत फ्लॅटच्या खात्यात 37,500 वाढायला हवे होते, वाढले फक्त 13,500. मधले 24,000 जूनमध्ये शाळेच्या फीला गेले होते.

ही चूक बहुतेक घरांत होते, कारण आपण फक्त त्या महिन्याचा खर्च बघतो. वर्षातून एकदाच येणारा खर्च बाकीचे अकरा महिने वहीत दिसतच नाही. तो आला की ‘या महिन्यात जरा जास्त झालं’ म्हणून आपण पुढे जातो. तुमच्याकडे असं होतंय का, हे बघायला तीन महिन्यांची वहीतली शिल्लक बेरीज करा आणि खात्यात खरोखर किती वाढले त्याच्याशी ताडून बघा.

आम्ही मग यादी केली. फी 24,000, विम्याचा हप्ता 15,000, दिवाळी 12,000, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग 5,000, घरमालकाला वर्षाचा मेंटेनन्स 4,000. एकूण 60,000, म्हणजे महिन्याला 5,000. ते वेगळ्या खात्यात टाकायचे ठरल्यावर फ्लॅटसाठी खरे उरले 7,500. त्या वेगाने 3 लाखांना 40 महिने लागले असते. बाहेरचं जेवण आणि ऑनलाइन मागवणं यातून 2,500 कमी केले, तेव्हा गणित 30 महिन्यांवर आलं. मुदत वाढली याचं वाईट वाटलं, पण आकडा आता खरा आहे.

एक अडचण मात्र लक्षात ठेवा. सुरुवात कधी करता त्यावर बरंच अवलंबून असतं. मार्चमध्ये सुरू केलंत तर जूनपर्यंत चार हप्त्यांचे 20,000च जमतात आणि फी 24,000. पहिल्या वर्षी तेवढी तूट आधीच भरून ठेवा.

दुसरी चूक, एकेका वस्तूची उलटतपासणी. आमची पहिली बैठक ह्यांनी आणलेल्या भडंगाच्या पाकिटांवर अडली. “एवढी कशाला?” मी विचारलं, आणि ह्यांनी माझ्या साडीचा विषय काढला. फ्लॅटचं नावही निघालं नाही. आता महिन्याच्या खर्चातलेच प्रत्येकी 1,500 विचारपूस न करता खर्चायचे. त्यांचा वहीत एकच आकडा लिहिला जातो, आणि बैठक फ्लॅटच्या खात्याच्या पासबुकापासून सुरू होते.