आंब्याचं कलम नेताय? आधी सांधा बघा

यंदाची आंब्याची कलमं तयार आहेत. वर्षभर वाढवलेली, दोनदा पालवी येऊन जून झालेली, आणि गेले आठ-दहा दिवस सावलीच्या जाळीखालून काढून उघड्यावर ठेवलेली. पाऊस सुरू झाला की रोपवाटिकेत येणारे बहुतेक जण रांगेतलं सगळ्यात उंच कलम उचलतात. आम्ही त्यांना थांबवतो आणि शेजारचं, कदाचित वीतभर बुटकं कलम हातात देतो. त्याचा सांधा दाखवतो. झाड पुढे कोणत्या जातीचं निघणार, वाऱ्यात टिकणार की नाही, हे उंचीपेक्षा त्या बोटभर जागेवर ठरतं.

कलम म्हणजे दोन झाडं. खाली कोयीपासून उगवलेलं रोप, त्याला आपण खुंट म्हणतो. वर तुम्हाला हव्या असलेल्या जातीच्या झाडाची काडी. दोन्ही जिथे जुळलेत तो सांधा. फळ मिळतं ते सांध्याच्या वर वाढलेल्या भागाला. खुंटाचं काम मुळं पुरवण्याचं, पण त्याच्यात स्वतःचं झाड होण्याची ताकद असते आणि संधी मिळाली की तो ते करतो. पावसाळ्यातल्या लागवडीत ही संधी बहुतेक वेळा आपणच त्याला देतो.

काही वर्षांपूर्वी एक काका आमच्याकडून बारा कलमं घेऊन गेले. तिसऱ्या वर्षी सांगत आले, नऊ झाडं बरी आहेत, पण तीन झाडं जोरात उठलीत, त्यांनाच जास्त खत घालतोय. आम्ही बघायला गेलो. त्या तिन्ही झाडांची पानं बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसत होती, आणि चुरगळली तर वासही वेगळा येत होता. पहिल्या झाडाच्या बुडाशी बसून खुरप्याने माती बाजूला केली. चार बोटं खाली सांधा सापडला आणि त्याच्या वर पेन्सिलीएवढं वाळलेलं खोड. काकांनी हौसेने लावलेल्या जातीचं तेवढंच उरलं होतं. उभं होतं ते झाड खुंटाचं. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्यात काडी अजून जिवंत होती, पण खुंटावरून आलेल्या फुटीने तिला सावलीत टाकलं होतं. ती फूट बुडातून कापली आणि ते झाड वाचलं. उरलेल्या दोघांवर पुढच्या पावसाळ्यात जागेवरच नवीन कलम बांधावं लागलं. तीन वर्षं गेली ती गेलीच.

सांधा मातीखाली गेला कसा? काकांनी खड्डा चांगला मीटरभर घेतला होता, शेणखतही भरपूर घातलं होतं. पण खड्डा जमिनीबरोबर भरून लगेच कलम लावलं. भुसभुशीत माती आणि खत पावसाने बसतं, आणि एवढा खोल खड्डा सहज वीतभर खचतो. त्याच्याबरोबर कलमही खाली गेलं. वर जी खळगी झाली तिच्यात आजूबाजूची माती वाहून आली आणि सांधा झाकला गेला. तिथली साल सतत ओली राहिली, काडी कुजली आणि खुंट फुटला. तेव्हा आम्ही त्यांना कलमं दिली होती, पण हे सांगितलं नव्हतं. त्यानंतर आमच्याकडून एकही कलम हे सांगितल्याशिवाय बाहेर गेलेलं नाही.

म्हणून खड्डा भरताना तो जमिनीच्या वर १५ ते २० सेंटिमीटर चढेल असा भरा. तळाशी वाळलेला पालापाचोळा, मग खड्ड्यातूनच निघालेली वरच्या थराची माती आणि पूर्ण कुजलेलं शेणखत चार-पाच घमेली, सोबत किलोभर सिंगल सुपर फॉस्फेट. शेणखत अर्धवट कुजलेलं असेल तर ते घालू नका. त्याच्या वासाला हुमणी आणि वाळवी येते आणि कुजताना निघणारी उष्णता कोवळ्या मुळांना सोसत नाही. युरिया खड्ड्यात नकोच. भरलेल्या खड्ड्यावर दोन-तीन चांगले पाऊस पडू द्या, माती बसू द्या, आणि मग कलम न्यायला या. ज्यांचे खड्डे उन्हाळ्यात घेऊन झालेले नाहीत त्यांनीही निराश होऊ नये. ६० सेंटिमीटरचा खड्डा घ्या, थराथराने पायाने दाबत भरा, वरून पाणी सोडून माती बसवा आणि आठवड्याने लावा.

खड्ड्याची आणखी एक परीक्षा आहे, ती भरण्याआधीच करायची. एका चांगल्या पावसानंतर, किंवा बादल्यांनी पाणी ओतून, दुसऱ्या दिवशी तळ बघा. पाणी तसंच उभं असेल तर भारी मातीत तुम्ही खड्डा नाही, टाकी तयार केली आहे. भोवतालची चिकण माती पाणी सोडत नाही आणि तुमच्या मऊ मातीत ते साठत राहतं. अशा जमिनीत खड्डा उथळ ठेवा आणि दीड-दोन फूट उंच, पसरट उंचवटा करून त्यावर कलम लावा. पाणी साचलेल्या कलमाचं लक्षण फसवं असतं. माती ओली असूनही पानं मलूल होतात, मग पिवळी पडून गळतात. पानं मलूल दिसली म्हणून आणखी पाणी घालणारे आम्ही पाहिलेत. आधी बोटाने माती उकरून बघा. ओली असेल आणि आंबूस वास येत असेल तर पाणी काढून देणारी चर खणायची, पाणी घालायचं नाही.

आता कलम निवडताना. सांध्याच्या वरची आणि खालची जाडी जवळपास सारखी हवी. वर फुगलेलं आणि खाली बारीक असेल तर जोड नीट बसलेला नाही किंवा प्लास्टिकची पट्टी आवळून राहिली आहे, आणि असं कलम वादळी वाऱ्यात नेमकं तिथेच मोडतं. अंगठ्याने हलका दाब देऊन बघा, सांधा घट्ट लागला पाहिजे. सांध्याच्या खाली एकही फूट नको. वरची पानं गडद हिरवी, जून असावीत. तांबूस, लोंबती, कोवळी पालवी दिसायला छान असते, पण त्या अवस्थेत लावलेलं कलम मुळं स्थिरावण्याआधीच पालवी गमावतं. आमच्या रांगेत काही कलमांना सध्या अशी पालवी आहे. ती तुम्हाला आवडली तरी आम्ही आत्ता देणार नाही, नाव लिहून ठेवू आणि पानं जून झाल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी देऊ. शेवटी पिशवी फिरवून तळ बघा. एखादं मूळ बाहेर आलेलं चालेल, पण तळाशी मुळांचं वेटोळं झालं असेल तर ते कलम पिशवीत फार दिवस राहिलेलं आहे. फार उंच कलमांचं बरेचदा हेच दुखणं असतं.

लावायला ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ चांगली. जिथे पाऊस बेताचा, तिथे जमीन खोलवर ओली झाली की सुरुवातीलाच लावा, म्हणजे पुढचा सगळा पाऊस मुळांना मिळेल. जिथे आठवडाभर धो-धो पाऊस लागतो, तिथे तो जोर ओसरल्यावर लावा. कलम कधीही खोडाला धरून उचलायचं नाही, पिशवीला खालून हात घालायचा. बसलेल्या मातीत पिशवीएवढाच खळगा करा. पिशवी ब्लेडने उभी चिरून अलगद काढा, मुळांभोवतीची मातीची हुंडी फुटू देऊ नका. ती फुटली तर बारीक पांढरी मुळं तुटतात आणि पाणी ओढणारी तीच असतात. हुंडीचा वरचा पृष्ठभाग भोवतालच्या मातीपेक्षा दोन बोटं वर ठेवा, कारण अजून थोडी माती बसणारच. कडेने माती हाताने दाबा, पण हुंडीवर दाब देऊ नका. पाऊस चालू असला तरी एक बादली पाणी घालाच. हुंडी आणि नवी माती यांच्यामध्ये पोकळी राहते, ती पाण्यानेच बुजते.

लावताना वाऱ्याच्या बाजूला काठी रोवा आणि कलम तिला सुतळीने सैल, आठच्या आकड्यासारखं बांधा. काठी लावायच्या आधी रोवा, नंतर ठोकली तर मुळांतून जाते. सांध्यावरची पट्टी आम्ही बहुतेक कलमांची काढलेली आहे. एखाद्यावर राहिली असेल तर सांध्याच्या मागच्या बाजूने ब्लेडने उभी चीर द्या, साल कापू नका. सुतळीही दर महिन्याला सैल करा, खोड जाड होतं आणि सुतळी सालीत रुतते.

यानंतरचं काम सोपं आहे, पण पावसाळाभर आठवड्यातून एकदा करावं लागतं. वाफ्यात फिरताना प्रत्येक कलमाच्या बुडाशी वाकून बघायचं. सांधा दिसतोय ना? माती चढली असेल तर हाताने काढा. खाली बारीक कोंब दिसला तर तो कोवळा असतानाच अंगठ्याने खुडा, जागेवरून पूर्ण निघाला पाहिजे. बोटभर खुंटी ठेवून कापलात तर तिथून दोन फुटी येतात. बुंध्याभोवती वाळलेल्या गवताचं आच्छादन करताय तर ते खोडापासून वीतभर लांब ठेवा.

नवी पालवी आल्यावर पानांवर काळपट डाग पडून ती वाळायला लागली तर तो करपा, ओल्या हवेत हमखास येतो. पाऊस उघडलेला दिवस बघून एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा. शेंडे अचानक माना टाकत असतील तर शेंडा पोखरणारी अळी आत असते. तेवढा शेंडा अळीच्या खालून कापून जाळा. पहिली तीन वर्षं मोहोर आला तर तो खुडून टाका, झाडाचा सांगाडा आधी होऊ द्या.

किती कलमं लागतील हे जागेवरून ठरवा. दहा गुंठे जागेत १० बाय १० मीटरवर साधारण १० झाडं बसतात, ५ बाय ५ मीटरवर ४०. जवळ लावणार असाल तर दरवर्षी छाटणी करण्याची तयारी हवी. ती जमणार नसेल तर सांगा, आम्ही कमी कलमं देऊ. नेहमी हिशेबापेक्षा दोन-तीन जास्त न्या आणि ती पिशवीतच सांभाळा, एखादं मेलं तर त्याच पावसात त्या जागी लावता येतं.

येताना क्रेट आणा. कलमं गाडीत आडवी टाकली की हुंड्या घरी पोचेपर्यंत फुटतात. क्रेट नसतील तर आम्ही देऊ, लावून झाल्यावर परत करा. परत करायला याल तेव्हा मोबाईलमध्ये दोन-चार कलमांच्या बुडाचा जवळून काढलेला फोटो दाखवा, सांधा कुठवर आहे ते तिथेच बघून सांगू.