टी-बिल घ्यायचं तर आधी तारीख ठरवा, व्याज नंतर बघा

आमच्या बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या आत्याने भाताच्या शेताचा एक तुकडा विकला आणि बारा लाख रुपये तिच्या खात्यावर आले. आठ दिवसांत तिघे जण घरी येऊन गेले. तिघांचीही सोसायटी वेगळी, पण बोलणं एकच, की बँकेपेक्षा अडीच-तीन टक्के जास्त देतो. आत्या मला म्हणाली, "जास्तीचं नको बाबा मला. दिलेले तेवढे तरी परत येतील असं काय तरी बघ की."

तिच्या या एका वाक्यावरच पुढचं सगळं ठरलं. केंद्र सरकार रिझर्व्ह बँकेमार्फत थोड्या मुदतीचं कर्ज काढतं, त्याला ट्रेझरी बिल, थोडक्यात टी-बिल म्हणतात. मुदती तीनच आहेत, 91, 182 आणि 364 दिवस. कमीत कमी दहा हजारांचं घेता येतं आणि त्यापुढे दहा-दहा हजारांच्या पटीत. पैसे परत देणारं केंद्र सरकार असतं, मधली कुठलीही संस्था नसते.

पण आधी एक गोष्ट साफ सांगतो, कारण बहुतेक सल्ला देणारे ती गाळतात. तुमची एकूण शिल्लक पाच लाखांच्या आत असेल आणि ती बँकेत असेल, तर टी-बिलाच्या मागे लागायची गरज नाही. बँकेतल्या ठेवीला व्याज धरून पाच लाखांपर्यंत ठेव विमा असतो, सहकारी बँकेतल्या ठेवीलाही असतो, आणि ठेवीचा दर टी-बिलापेक्षा पुष्कळदा थोडा जास्तच असतो. पतसंस्था आणि सौहार्द सोसायट्या मात्र बँका नव्हेत, त्यांच्या ठेवींना हा विमा नाही. पाटीवर 'सहकारी' लिहिलेलं असलं म्हणून फसू नका, 'बँक' आहे की नाही ते बघा. आमच्या घरातली एक पावती अशाच एका संस्थेत अडकली होती. मूळ रक्कम हाती यायला चार वर्षं लागली, व्याज तर गेलंच. म्हणून आत्याचे पाच लाख बँकेत ठेवले, तेही दोन बँकांत विभागून. प्रश्न उरला तो वरच्या सात लाखांचा.

खातं उघडायचं काम सोपं आहे. `rbiretaildirect.org.in` या रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पॅन, आधार, बचत खातं, ईमेल आणि मोबाइल एवढ्यावर रिटेल डायरेक्ट खातं निघतं. उघडायला आणि चालवायला फी नाही. दोन गोष्टी सांभाळा. आपल्या सीमाभागात आधारवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी आणि पासबुकावर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, असं सर्रास असतं. पासबुक आणि पॅन आधारसारखं करून घ्या आणि मगच अर्ज भरा. दुसरं म्हणजे, ऑनलाइन कामं करून देणाऱ्या दुकानात बसून अर्ज भरलात तरी मोबाइल नंबर स्वतःचाच द्या, दुकानदाराचा नको. नॉमिनी त्याच बैठकीत लावून टाका.

आता ज्या पायरीवर मी स्वतः आपटलो, ती.

ही सोय नोव्हेंबर 2021 मध्ये सुरू झाली. जानेवारी 2022 मध्ये मी खातं उघडलं आणि यादी बघितली. तिथे टी-बिलं होती, केंद्र सरकारचे लांब मुदतीचे रोखे होते, राज्य सरकारांचेही होते. टी-बिलावर साडेतीन-चार टक्के दिसत होते आणि तीस वर्षांच्या रोख्यावर सात. मी मनाशी म्हटलं, सरकार तेच, हमी तीच, मग कमी व्याज कशाला घ्यायचं? आणि सातवाला घेतला. त्या वर्षी मे महिन्यापासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, वाढवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत तो 4 टक्क्यांवरून 6.5 टक्क्यांवर गेला. मधेच मला घराच्या स्लॅबसाठी पैसे लागले. रोखा विकायला गेलो तर लाखामागे सात हजारांच्या आसपास तोटा. शिवाय माझ्यासारख्या लहान रकमेला गिऱ्हाईकच मिळेना, दोन दिवस विक्रीची ऑर्डर तशीच पडून होती.

सरकारने मला फसवलं नव्हतं. तीस वर्षं थांबलो असतो तर पै-पै मिळाली असती. चूक अशी झाली, की 'सरकारी आहे' आणि 'कधीही मोडता येईल' या दोन वेगळ्या गोष्टी मी एकच समजलो. बाजारात नवा रोखा आठ टक्क्यांनी मिळत असेल तर तुमचा सातचा जुना रोखा पूर्ण भावाने कोण घेईल? भाव पाडूनच द्यावा लागतो. मुदत जितकी लांब तितका भाव जास्त पडतो. सात टक्क्यांच्या तीस वर्षांच्या रोख्याचा बाजारातला दर एकदम एक टक्क्याने चढला, तर शंभराचा रोखा एकोणनव्वदच्या आत येतो, म्हणजे लाखाला अकरा हजारांचा फटका. तेच 364 दिवसांच्या टी-बिलात फटका हजाराच्या आतच राहतो आणि मुदत भरेपर्यंत थांबलात तर तोही लागत नाही.

तेव्हा यादी उघडण्याआधी कागद-पेन घ्या आणि पैसे कोणत्या महिन्यात लागणार ते लिहा. व्याजाच्या रकान्याकडे तोवर बघूच नका. कुणी म्हणेल, "सरकारी रोखाच आहे, लांबचा घे, दर चांगला आहे," तर त्याला विचारा की दोन वर्षांनी मोडायची वेळ आली तर भाव काय मिळेल. याचं उत्तर त्याच्यापाशी नसेल तर त्याचा सल्ला घेऊ नका. कर्नाटक सरकारच्या रोख्यांनाही हेच लागू. त्यांचा दर थोडा बरा असतो, पण मुदती वर्षांच्या असतात, महिन्यांच्या नव्हेत.

आत्याचा कागद असा झाला. जानेवारी चालू होता. खानापूरचा पाऊस लागायच्या आत घराची कौलं आणि वासे बदलायचे होते, म्हणजे एप्रिल अखेरीला दोन लाख लागणार. नातीच्या कॉलेजची फी जुलैच्या मध्यानंतर, तीही दोन लाख. उरलेल्या तीन लाखांना वर्षभर काम नव्हतं. कौलांसाठी 91 दिवस, फीसाठी 182, उरलेल्याला 364. वाटणी तिनेच केली, मी फक्त तारखा मोजल्या.

तारखांचं एक सोपं गणित आहे. टी-बिलांचा लिलाव सहसा बुधवारी होतो आणि बिल गुरुवारी नावावर चढतं. 91, 182 आणि 364 या तिन्ही आकड्यांना सातने पूर्ण भाग जातो. म्हणून गुरुवारी घेतलेलं बिल गुरुवारीच सुटतं, सुट्टी आडवी आली तरच दिवस हलतो. सुतार-गवंड्याला आगाऊ द्यायची तारीख किंवा फीची शेवटची तारीख त्या गुरुवारानंतर चार-पाच दिवस मोकळे ठेवून पकडा. अगदी त्याच दिवसावर बेत आखू नका.

आता भावाकडे. टी-बिलावर व्याज जमा होत नाही. ते शंभरापेक्षा कमी भावाने मिळतं आणि मुदत संपली की पुरते शंभर हातात येतात. समजा भाव असे आहेत: 91 दिवसांचा 98.70, 182 दिवसांचा 97.35 आणि 364 दिवसांचा 94.75. मग आत्याचे दोन लाखांचे पहिले बिल 1,97,400 रुपयांना पडेल, दुसरे 1,94,700 ला आणि तीन लाखांचे 2,84,250 ला. एकूण 6,76,350 रुपये गेले, सात लाखांतले 23,650 बचत खात्यावरच राहिले.

इथे लोक सव्वापाचच टक्के म्हणून नाक मुरडतात, कारण शंभरातून 94.75 वजा केले की 5.25 उरतात. पण तुम्ही शंभर दिलेलेच नाहीत, 94.75 दिलेत. म्हणून भागायचं 94.75 ने, आणि मग वर्षाचं करायचं:

```
(100 - भाव) ÷ भाव × 365 ÷ दिवस × 100
(100 - 94.75) ÷ 94.75 × 365 ÷ 364 × 100 = 5.56
```

साडेपाचच्या थोडं वर. ठेवीच्या दराशी तुलना करायची ती या आकड्याची. 91 दिवसांच्या बिलाचा असाच हिशेब केला तर 5.28 येतो.

बोली लावणं अवघड नाही. आपण 'नॉन-कॉम्पिटिटिव्ह' बोली लावतो, म्हणजे भाव सांगायचा नाही, फक्त किती हजारांचं हवं ते भरायचं. भाव मोठ्या बँका-संस्था ठरवतात, आपल्याला त्यांचा सरासरी भाव लागतो. खिडकी कधी बंद होणार ते पडद्यावर दिसतं, ते आधी बघा. पैसे नोंदवलेल्या बचत खात्यातूनच जायला हवेत, मुलाच्या यूपीआयवरून भरायला जाऊ नका.

पहिल्यांदा घाबरवणारी गोष्ट पुढे आहे. बोलीच्या वेळी खरा भाव ठरलेला नसतो, म्हणून पैसे अंदाजी भावाने घेतले जातात. लिलावानंतर भाव कमी लागला की फरक खात्यावर परत येतो. आत्याने बुधवारी रात्री फोन केला, "अरे, जास्तीचे कापले की त्यांनी!" फरक आल्यावर मी तिला पासबुकाच्या मागच्या पानावर तीन आकडे लिहायला लावले: कापलेले, परत आलेले आणि नक्की पडलेली किंमत. तिसरा आकडा जपून ठेवा. टी-बिलावर टीडीएस कापला जात नाही, पण झालेला फायदा करपात्र आहे आणि विवरणपत्रात तो तुम्हालाच दाखवायचा असतो. त्या वेळी हाच आकडा शोधत बसायला लागतो.

मुदत संपली की पैसे आपोआप त्याच बचत खात्यावर येतात, अर्ज नाही की सही नाही. एप्रिलमधल्या त्या गुरुवारी आत्याच्या खात्यावर दोन लाख आले आणि सोमवारी कौलांचा ट्रक दारात उभा राहिला.