काम संपल्यावर ताबा देण्याचे पत्र

वेबसाइटचे काम संपवून ग्राहकाला द्यायच्या शेवटच्या पत्रात पासवर्ड कधीही लिहू नयेत; काय, कोणत्या क्रमाने सोपवणार, एवढेच लिहावे. गिटहबवरील रिपॉझिटरी Settings मधील Transfer ownership वापरून ग्राहकाच्या वैयक्तिक खात्याकडे पाठवली, तर ईमेलने आलेली विनंती त्याने एका दिवसात स्वीकारावी लागते, अन्यथा ती बाद होते. म्हणून पत्रातच वेळ ठरवून घ्यावी. होस्टिंगचे बिल ग्राहकाच्या नावावर झाले की डोमेन त्याच्या रजिस्ट्रार खात्यात हलवावे, मात्र त्या खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा, कारण नूतनीकरण चुकून डोमेन बंद पडले तर पासवर्ड बदलण्याची लिंकही पोहोचत नाही. शेवटी ‘सर्व पासवर्ड व एपीआय की बदलल्या, तुमचा प्रवेश काढला’ असे लेखी उत्तर ग्राहकाकडून मागावे.