जुना फोटो लॅमिनेट न करता असा वाचवला

आजीआजोबांचा लग्नातला कृष्णधवल फोटो रत्नागिरीच्या घरी अल्बमच्या प्लास्टिक खिशात होता. काकांचं म्हणणं, "लॅमिनेट करून टाक, कायमचा टिकेल." मी नाही म्हटलं. लॅमिनेशनमध्ये गरम रोलरखाली गोंद फोटोला कायमचा चिकटतो. जुन्या फोटोची प्रतिमा जिलेटिनच्या थरात असते आणि तो थर उष्णतेने, ओलाव्याने मऊ पडतो. नंतर प्लास्टिक सोलायला गेलं तर चेहराच त्याच्यासोबत निघून येतो.

खिसाही धड नव्हता. हाताला चिकट, नव्या रेनकोटसारखा वास, म्हणजे बहुधा पीव्हीसी. त्यातली रसायनं हळूहळू बाहेर येऊन फोटोला लागतात.

आधी फोटो खिशासकट ६०० डीपीआयवर स्कॅन केला. मग खिशाच्या तीन कडा कात्रीने कापून वरचं प्लास्टिक अगदी सपाट, मागे दुमडत उचललं. एका कोपऱ्यात ते चिकटलेलं होतं. तिथे ओढलं नाही, तेवढा तुकडा कापून फोटोवरच राहू दिला. पाणी किंवा हेअर ड्रायर तर अजिबात नाही.

पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे पारदर्शक खिसे सुरक्षित असतात. पण कोकणच्या दमटपणात जिलेटिन गुळगुळीत प्लास्टिकला चिकटतं आणि चकचकीत डाग पडतात. म्हणून मी आम्लविरहित कागदाचं पाकीट घेतलं, आत त्याच कागदाचा जाड पुठ्ठा. ते आता बाहेरच्या भिंतीपासून लांबच्या कपाटात आहे. भिंतीवर स्कॅनची प्रिंट लावली आहे. काकांना ती खुशाल लॅमिनेट करू दे.