लग्नपत्रिकेतील दोन ओळी: यमक ओढूनताणून जुळल्यासारखे वाटते तेव्हा

कुलदेवतेचे नाव, मुहूर्त, स्थळ आणि निमंत्रकांची नावे एकदा निश्चित झाली की पत्रिकेच्या तळाशी, ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ या मुलांच्या ओळीच्या आसपास, दोन यमकबद्ध ओळी घालाव्यात असे घरात कोणीतरी सुचवतेच. मग ‘मने’ आणि ‘सुमने’ बाहेर निघतात:

मंगल बंधनात बांधले जाणार दोन मने,
आपण येऊन द्यावी आशीर्वादाची सुमने.

या ओळींत यमक आहे, पण ते असून नसल्यासारखे आहे, कारण ‘सुमने’मध्ये ‘मने’ संपूर्ण सामावलेले असल्याने कानावर तोच शब्द पुन्हा पडतो. शिवाय मने ‘बांधली’ जातात, ‘बांधले’ जात नाहीत. यमकाच्या मागे धावताना लिंगवचनाकडे दुर्लक्ष होते आणि ती चूक पाचशे प्रतींवर छापली जाते. यावर ‘आणखी शब्द शोधा’ असा सल्ला मिळतो, तो निरुपयोगी आहे. शब्द कमी पडलेले नसतात; ओळी चुकीच्या क्रमाने लिहिलेल्या असतात.

सुरुवातीचे काम सोपे आहे. पाहुण्यांना नेमके काय सांगायचे ते एका साध्या वाक्यात लिहावे. मापासाठी अष्टाक्षरी घ्यावी: प्रत्येक ओळीत आठ अधिक आठ अक्षरे, मध्ये विराम, आणि जोडाक्षर एकच धरायचे. अक्षरे बोटांवर मोजता येतात, लघुगुरूचा हिशेब ठेवावा लागत नाही, आणि ओवी-अभंगांमुळे ही लय आपल्या कानात आधीपासूनच असते.

खरी अडचण यमकाच्या शब्दाशी येते आणि माझाही बहुतेक वेळ तिथेच जातो. माझा आग्रह असा की दुसरी ओळ आधी लिहावी. वाचणाऱ्याला पहिल्या ओळीच्या शेवटी यमक जाणवतच नाही. ते जाणवते दुसऱ्या ओळीच्या अखेरीस, आणि ओढाताण झाली असेल तर तीही तिथेच उघडी पडते. आपण मात्र पहिली ओळ मनासारखी लिहून मोकळे होतो आणि मग दुसरीला कसेबसे तिच्याशी जुळवून घेतो. म्हणून जे खरोखर सांगायचे आहे ते दुसऱ्या ओळीत ठेवावे, आणि जुळवाजुळवीचा भार पहिलीवर टाकावा.

एक उदाहरण पाहू. फोंडा तालुक्यातील एका घरातले लग्न मार्गशीर्षात म्हार्दोळला व्हायचे होते. वधूच्या धाकट्या भावाच्या तोंडी ओळी हव्या होत्या. घरच्यांशी बोलल्यावर कळले की त्यांना एकच चिंता होती: लोक अक्षता टाकतात, वधूवरांना भेटतात आणि ‘कामावर जायचे आहे’ म्हणून न जेवताच निघून जातात. सांगायचे ते हेच होते. त्यावरून दुसरी ओळ तयार झाली:

जेवूनच जावे बरे, नको निमित्त घाईचे.

येथे ‘बरे’ हा शब्द अक्षरे भरण्यासाठी आला आहे का, अशी शंका घ्यायलाच हवी. तो काढून वाक्य म्हणून पाहावे: ‘जेवूनच जावे’ ही आज्ञा होते, तर ‘जेवूनच जावे बरे’ हे घरातल्या माणसाचे बोलणे होते. शब्द काढल्यावर स्वर बदलतो, म्हणून तो ठेवला. ‘अन्’, ‘हो’, ‘सदा’, ‘खास’ हे शब्द मात्र काढले तरी बहुधा काहीच बिघडत नाही, आणि तेव्हा ते भरतीचे आहेत असे समजावे. शब्दक्रमालाही हीच कसोटी लावावी. ‘घाईचे निमित्त नको’ याऐवजी ‘नको निमित्त घाईचे’ असे आपण बोलतानाही म्हणतो, तेव्हा तो फेरफार चालतो. ‘द्यावी येऊन आपण सुमने’ असे कोणी बोलत नाही.

आता ‘घाईचे’ला जोड हवी. क्रियापदावर ओळ संपवली असती तर यावे, द्यावे, व्हावे यांची रांग लागली असती. मराठी वाक्य क्रियापदावर संपते, त्यामुळे असे यमक फुकट मिळते आणि ऐकतानाही फुकटचेच वाटते. ‘आला’ आणि ‘गेला’ यांचे केवळ ‘ला’ जुळते, तेही पुरेसे नाही. उपान्त्य अक्षराच्या स्वरापासून पुढे सारे जुळले पाहिजे. ‘घाईचे’शी ताईचे, आईचे आणि जाईचे पूर्ण जुळतात. ‘आईचे’ घेतले की पहिल्या ओळीत डोळे पाणावतात आणि दुसरीत पंगत बसते. म्हणून ते सोडले. ‘जाईचे’ने मात्र सगळ्यांना भुरळ घातली:

हार बांधले दारात म्हार्दोळातल्या जाईचे.

अक्षरे सोळा, यमक चोख, गावाचे नावही आले. पण जाईचा बहर पावसाळ्यात असतो; महालसेची जायांची पूजाही पावसाळ्यातच होते. मार्गशीर्षातल्या लग्नाच्या दारात जाईचे हार लटकलेले वाचून त्याच गावचे पाहुणे हसले असते. यमक ओढून आणलेले वाटते त्याचे एक कारण हेही असते: ओळीतली गोष्ट खरी नसते, ती केवळ जुळते म्हणून तिथे आलेली असते.

उरले ‘ताईचे’, आणि ताई तर लग्नाच्या केंद्रस्थानीच होती. व्हडल्या दिवाळीला तुळशीचे लग्न लागले की घराघरांत लग्नांची गडबड सुरू होते, तो धागा घेऊन पहिला मसुदा झाला: ‘तुळशीचे लग्न झाले, आता आमच्या ताईचे’. तेवढ्यात वधूच्या काकांनी विचारले की पत्रिका वाटायला दिवाळीतच सुरुवात होणार आहे, मग तुळशीचे लग्न ‘झाले’ कसे? प्रश्न रास्त होता. शेवटी ओळी अशा ठरल्या:

तुळशीचे लग्न आधी, मग आमच्या ताईचे;
जेवूनच जावे बरे, नको निमित्त घाईचे.

येथे कोणीतरी वधूवरांची नावे ओळींत गुंफायला सांगते. ठामपणे नकार द्यावा. नावाशी यमक जुळवणे हे उखाण्याचे काम आहे. उखाणा एकदा ऐकून लोक हसतात आणि विसरतात, तर पत्रिका लग्न होईपर्यंत कपाटावर टेकून उभी असते. शिवाय नावे वर ठळक अक्षरांत छापलेली असतातच.

ओळी झाल्या की त्या स्वतः वाचून दाखवू नयेत, कारण आपण आपोआप योग्य ठिकाणी थांबतो आणि दोष झाकले जातात. ज्याने त्या पाहिलेल्या नाहीत अशा घरातल्या माणसाच्या हाती कागद द्यावा आणि मोठ्याने वाचायला सांगावे. तो आठव्या अक्षरापाशी अडखळला तर विराम शब्दाच्या मधोमध पडला आहे असे समजावे. यमकाच्या शब्दावर तो किंचित थबकला किंवा कसनुसे हसला, तर तो शब्द बदलावा. त्याला कारण विचारत बसू नये, ते त्यालाही सांगता येत नाही.

छापखान्यातून नमुना प्रत येईल तेव्हा ओळ कोठे तुटली आहे ते पाहावे. रुंदी कमी पडली की ‘ताईचे’ एकटेच खालच्या ओळीत ढकलले जाते आणि यमक दिसेनासे होते. अशा वेळी अक्षर लहान करायला सांगू नये. आठ-आठ अक्षरांच्या चार ओळी कराव्यात. जोडाक्षरे आणि रफार जागेवर आहेत ना, तेही त्याच वेळी तपासून प्रतीवर सही करावी.