तिरका वॉल्व्ह

गंगापूर रोडवरून रोज सातपूरला जाताना माझ्या ई-सायकलची मागची ट्यूब महिनाभरात तीनदा गेली. बाभळीच्या काट्यांना दोष देत मी आत जाड संरक्षक थर असलेला टायर बसवला, तरीही ट्यूब फाटली; या वेळी मात्र चीर वॉल्व्हच्या बुडाशी होती आणि वॉल्व्ह तिरका झाला होता. तिथे काटा पोचतच नाही. मागच्या चाकाच्या मध्यभागी असलेली हब मोटर सायकल निघताना रिमला जो झटका देते, त्याने कमी हवेचा टायर रिमवर मागे सरकतो आणि ट्यूबलाही ओढतो. खात्रीसाठी टायर व रिमवर मिळून खडूची रेघ मारली. ३० पीएसआयवर ती दोन दिवसांत बोटभर तुटली. टायरच्या कडेवर कमाल ६५ छापले होते, म्हणून मागे ५० ठेवले. आता रेघ जुळलेली आहे. खड्डे मात्र जरा जास्त जाणवतात.