कंपनीने टॉप-अपची नोटीस लावली. फॉर्म भरण्याआधी काय बघायचं?

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या कारखान्यांत ग्रुप मेडिक्लेमच्या नूतनीकरणाच्या सुमारास मूळ विम्यावर जादा विमा, म्हणजे टॉप-अप, घेण्याची ही नोटीस लागते. दोन पानं, कन्नड आणि इंग्रजीत. त्यातला आकडा तेवढा दुपारच्या जेवणापर्यंत सगळ्या शॉपमध्ये फिरलेला असतो: "तीन लाखाचा विमा आता आठ लाखाचा झाला की!" टाइम ऑफिसात बसून हे फॉर्म मी अनेक वर्षं भरून घेतोय. हे वाक्य ऐकलं की मी समोरच्याला आधी खाली बसवतो, कारण आठ लाख कधी मिळतात आणि कधी एक रुपयाही मिळत नाही, हे त्या नोटिशीतली एक ओळ ठरवते आणि ती ओळ कुणीच वाचलेली नसते.

पहिली पायरी: तारीख आणि यादी

फॉर्म भरायची शेवटची तारीख मोबाइलमध्ये गजरासह टाका. ही मुदत दहा-पंधरा दिवसांची असते आणि एकदा संपली की पुढच्या वर्षापर्यंत दार बंद. नवीन लग्न झालेल्यांना आणि बाळ जन्मलेल्यांना बहुतेक ठिकाणी मधेच नाव घालता येतं. बाकी कुणासाठी एचआरकडे विनवण्या करून उपयोग नाही. त्यांच्या हातात ते नसतंच.

कुणाकुणाची नावं घालता येतात तेही त्याच पानावर असतं. आई-वडील मूळ पॉलिसीत नसतील तर टॉप-अपमध्ये त्यांना घेतात का, हे विचारा. घेत असले तरी मूळ पॉलिसीने द्यायचे पहिले तीन लाख तुमच्याच खिशातून जाणार हे धरून चाला.

दुसरी पायरी: डिडक्टिबलची ओळ

इथे मात्र वेळ काढा. मलाही हे नीट कळायला वेळ लागला होता, आणि एजंट लोक नेमकं इथेच भरभर बोलतात.

टॉप-अप पॉलिसी पहिल्या रुपयापासून पैसे देत नाही. तिला एक उंबरठा असतो. खर्च तो ओलांडून वर गेला की वरचा भाग ती देते. या उंबरठ्याच्या रकमेला डिडक्टिबल म्हणतात. मूळ विमा तीन लाखांचा असेल तर डिडक्टिबलही साधारण तीन लाखच ठेवतात, म्हणजे खालचे तीन लाख मूळ पॉलिसी देणार आणि वरचे पाच लाखांपर्यंत टॉप-अप. इथपर्यंत सगळ्यांना समजतं.

प्रश्न पुढे आहे. हे तीन लाख दर वेळी नव्याने ओलांडायचे, की वर्षभरात मिळून एकदाच? साध्या टॉप-अपमध्ये ते प्रत्येक ॲडमिशनला वेगळे मोजतात. सुपर टॉप-अपमध्ये वर्षभरातल्या सगळ्या ॲडमिशनची बेरीज करून एकदाच मोजतात. नोटिशीत दोन्हींना बिनधास्त 'टॉप-अप' असंच लिहिलेलं असतं.

आकडे घालून बघू. एका फिटरच्या वडिलांना जूनमध्ये हृदयाच्या त्रासामुळे दाखल केलं, बिल झालं २ लाख २० हजार. मूळ पॉलिसीने ते दिलं, तिच्यात उरले ८० हजार. नोव्हेंबरमध्ये पुन्हा दाखल करावं लागलं, बिल २ लाख ६० हजार. मूळ पॉलिसीने उरलेले ८० हजार दिले आणि ती संपली. राहिले १ लाख ८० हजार.

साधा टॉप-अप असेल तर विमा कंपनी नोव्हेंबरचं बिल एकटं धरते. २ लाख ६० हजार हे तीन लाखांच्या आत आहेत, उंबरठा ओलांडलाच नाही, म्हणून मिळाले शून्य. १ लाख ८० हजार घरातून. सुपर टॉप-अप असेल तर दोन्ही बिलांची बेरीज ४ लाख ८० हजार होते, त्यातून तीन लाख वजा, आणि उरलेले १ लाख ८० हजार पूर्ण मिळतात. दोन्ही कागदांवर पाच लाखांचंच टॉप-अप लिहिलेलं असतं.

म्हणून एचआरला तोंडी विचारू नका, ईमेल करा किंवा लेखी द्या: "डिडक्टिबल प्रत्येक क्लेमला लागू आहे की पॉलिसी वर्षाच्या एकूण रकमेला?" उत्तर लेखीच घ्या. "सगळं कव्हर आहे, काळजी करू नका" हे उत्तर नव्हे.

याच ओळीला जोडून आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली तारखेची. मूळ पॉलिसी १ एप्रिलला सुरू झाली आणि टॉप-अपची घोषणा मागाहून होऊन तो १ जुलैला सुरू झाला, तर वरच्या उदाहरणातलं जूनचं बिल टॉप-अपच्या हिशेबात धरलंच जात नाही. सुपर टॉप-अप असूनही फिटरचे वडील पुन्हा शून्यावर. दोन्ही पॉलिसींची सुरुवात आणि शेवट एकाच दिवशी आहे का, ते बघा.

दुसरी, उंबरठा मोजताना बिलाची सगळी रक्कम धरत नाहीत, नियमात बसणारी तेवढीच धरतात. मूळ पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा रोजची ३,००० असेल आणि तुम्ही ६,००० ची खोली घेतली, तर बऱ्याच पॉलिसींत नुसतं भाडंच नाही, डॉक्टरांची फी आणि ऑपरेशनचा खर्चही त्याच प्रमाणात कापतात. कापलेला तो भाग मूळ पॉलिसी देत नाही आणि टॉप-अपच्या उंबरठ्यातही मोजला जात नाही. टॉप-अप घेतला म्हणून डीलक्स खोली घेणाऱ्यांना मी दरवेळी सांगतो, मर्यादेतली खोली घ्या. पाहुणे काय म्हणतील हा विचार डिस्चार्जच्या दिवशी महागात पडतो.

तिसरी पायरी: पैसे कोण किती भरणार

नोटिशीत 'कंपनी निम्मा हप्ता भरेल' असं असतं. निम्मा कशाचा, ते विचारा. समजा वर्षाचा हप्ता ३,६०० आहे. ग्रुप पॉलिसीवर १८ टक्के जीएसटी धरून तो ४,२४८ होतो. कंपनीने याचा निम्मा भरला तर तुमच्या वाट्याला २,१२४, म्हणजे महिन्याला १७७ रुपये. पण कंपनी फक्त मूळ ३,६०० चाच निम्मा भरत असेल तर तुमचे १,८०० आणि सगळा जीएसटी ६४८, मिळून २,४४८. महिन्याला २०४. फरक थोडा, पण पगाराच्या स्लिपवर दिसला की भांडण होतंच. आई-वडिलांचा हप्ता बहुतेक ठिकाणी पूर्ण कामगाराकडून घेतात आणि तो वयामुळे बराच जास्त असतो.

हा झाला हप्त्यातला वाटा. बिलातला वाटा निराळा. 'पालकांसाठी १० टक्के को-पे' असं लिहिलं असेल तर मंजूर झालेल्या प्रत्येक क्लेममधले दहा टक्के तुम्ही भरायचे. को-पे मूळ पॉलिसीला आहे, टॉप-अपला आहे की दोन्हींना, ते वाचा.

पगारातून कापायला संमतीपत्रावर सही करताना शेवटचं कलम बघा. मधेच नोकरी सोडली तर राहिलेले हप्ते फायनल सेटलमेंटमधून कापतात, आणि विमा मात्र शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, पण तो अर्ज राजीनाम्याच्या नोटिशीच्या काळातच टाका.

जुन्या करप्रणालीत असाल तर तुमच्या पगारातून गेलेल्या भागावर सवलत मागता येते, कंपनीने भरलेल्या भागावर नाही.

चौथी पायरी: घ्यायचा की नाही

माझं मत सरळ आहे. सुपर टॉप-अप असेल, तारखा जुळत असतील आणि आई-वडिलांना साखर किंवा बीपी असेल, तर घ्या. ग्रुप पॉलिसीत जुने आजार बऱ्याचदा पहिल्या दिवसापासून धरतात; बाहेर वैयक्तिक पॉलिसी घेतली तर त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. नोटिशीत 'जुने आजार' या शब्दांपुढे काय लिहिलंय तेवढं बघून घ्या, कारण मूळ पॉलिसीत सवलत आहे म्हणून टॉप-अपमध्येही असेलच असं नाही.

साधा टॉप-अप असेल तर मी फार पैसे घालणार नाही. तिशीतला निरोगी माणूस असाल तर बाहेरचा वैयक्तिक सुपर टॉप-अपही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, आणि नोकरी बदलली तरी तो तुमच्याबरोबर राहतो.

पाचवी पायरी: दवाखान्यांची यादी

आपल्या भागातली गंमत इथे आहे. अथणीचा माणूस मिरजेला जातो, निपाणीचा कोल्हापूरला, खानापूरचा बेळगावला. पोर्टलवर मात्र राज्य निवडायचं असतं. कर्नाटक निवडलं की मिरज-कोल्हापूरचं एकही नाव दिसत नाही आणि लोक समजतात की तिकडे कॅशलेस नाही. महाराष्ट्र निवडून पुन्हा शोधा. टॉप-अप दुसऱ्या विमा कंपनीचा असेल तर कॅशलेस बहुधा मूळ पॉलिसीपुरतंच होतं. वरचे पैसे आधी भरून मागाहून मागायचे. त्यासाठी पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर आणि दवाखान्याचा शिक्का मारलेल्या बिलांच्या प्रती लागतात, त्या डिस्चार्जच्या वेळीच मागून घ्या.

सहावी पायरी: नावं

फॉर्म परत येतात ते बहुतेक इथेच. बायकोचं माहेर चंदगड, आधार तिथलं, त्यावर Laxmi आणि वडिलांचं आडनाव. लग्नानंतर इथे काढलेल्या रेशनकार्डावर Lakshmi आणि नवऱ्याचं आडनाव. फॉर्मवर तिसरंच काहीतरी. दाखल करताना दवाखाना आधार मागतो, म्हणून आधारावर जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर भरा. मूळ पॉलिसीत वेगळं नाव गेलं असेल तर याच मुदतीत दुरुस्तीचा अर्जही द्या. जन्मतारखेचंही तेच, म्हाताऱ्यांच्या आधारावर १ जानेवारी किंवा १ जून असते, तीच घाला, खरी शोधत बसू नका.

फॉर्म दिल्यावर पोच घ्या. ई-कार्ड आलं की त्यावर सगळी नावं, टॉप-अपची रक्कम, डिडक्टिबल आणि दोन्ही तारखा तपासा. पहिल्या पगारातून हप्ता कापला गेला आणि कार्ड आलं नाही, तर त्याच आठवड्यात लेखी विचारा. कंपनीने विमा कंपनीला पाठवलेल्या यादीत तुमचं नाव राहून गेलं असेल, तर ते त्या वेळी घालून घेणं सोपं असतं. माणूस दवाखान्यात दाखल झाल्यावर कुणी घालत नाही.